पहिला लेख पाठवताना संपादकांना काय लिहायचं आणि काय लेखातच ठेवायचं

"पहिल्यांदाच एका मासिकाला स्वतःच्या अनुभवावरचा लेख पाठवतेय. लेख तयार आहे पण सोबत संपादकांना काय लिहू तेच कळत नाहीये, चार दिवस झाले मेल लिहिते आणि पुसते. लेख कशाबद्दल आहे ते समजावून सांगायचं का? स्वतःबद्दल किती सांगू? आजवर माझं काहीच छापून आलेलं नाही, ते लिहिलं तर वाचतील का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. हो, वाचतील. मी सोळा वर्षं एका दिवाळी अंकाचं काम करतेय, आधी नुसती प्रुफं तपासायचे, गेली नऊ वर्षं ललित आणि अनुभवलेखांचा विभाग बघते, आणि "हा माझा पहिलाच लेख" या वाक्यामुळे मी एकही लेख बाजूला ठेवलेला नाही. उलट असा लेख मी सकाळी डोकं ताजं असताना वाचायला ठेवते, कारण नेहमीच्या लेखकांचं वळण माहीत असतं, नवीन माणसाचं नसतं.

तुम्ही चार दिवस पुसताय ते माझ्या मते यासाठी, की त्या छोट्याशा मेलकडून तुम्ही लेखाची वकिली करून घ्यायला बघताय. ते काम तिच्याने होत नाही. तिचं काम काय ते कळायला आमच्या बाजूला काय होतं ते सांगते. प्रत्येक ठिकाणी असंच असेल असं नाही, साप्ताहिकात घाई जास्त असते, काही मासिकांत लेख आधी सहायक वाचतो, काही अंक फक्त मागवलेलंच साहित्य छापतात, पण साधारण चित्र हे असं असतं.

मी मेल उघडते आणि चिठ्ठीवरून नजर फिरवते, अर्धा मिनिट फार तर. त्यात बघते काय, तर हे नक्की काय आहे, कथा का लेख का कविता, केवढं आहे, कोणी पाठवलंय, आणि वाचायच्या आधी मला काही माहीत असायला हवं का. मग फाइल उघडते आणि चिठ्ठी विसरते. पहिलं पान, दुसरं पान, लेख धरून ठेवतोय का ते तिथे कळतं आणि चिठ्ठीत काहीही लिहिलेलं असलं तरी त्यात फरक पडत नाही. पण लेख आवडला की मी चिठ्ठी पुन्हा उघडते, आणि या वेळी नीट, शब्द न शब्द वाचते. आता मला फोन नंबर हवा असतो, हे आधी कुठे आलंय का ते हवं असतं, लेखातला तो चिडका मामा खरा आहे का आणि त्याला हे माहीत आहे का ते हवं असतं. म्हणजे चिठ्ठी दोनदा वाचली जाते, एकदा लेखाच्या आधी आणि एकदा नंतर, आणि बहुतेक जण फक्त पहिल्या वाचनाचा विचार करून लिहितात. सगळा जोर छाप पाडण्यावर, आणि दुसऱ्यांदा जे शोधायचं ते त्यात नसतंच.

म्हणून नव्या लोकांना मी एक चाळणी सांगते. चिठ्ठीतलं प्रत्येक वाक्य घ्या आणि विचारा, हे लेख वाचून संपादकाला कळेलच का? कळणार असेल तर चिठ्ठीतून काढून टाका. कळणार नाही, पण कळलं तर लेख चांगला समजेल असं वाटत असेल, तर ते वाक्य चिठ्ठीचं नाहीये, लेखाचं आहे, तिकडे न्या. आणि जे लेखात सांगायला जागाच नाही पण छापायचं की नाही ते ठरवणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे, तेवढं चिठ्ठीत राहू द्या. असं केलं की बहुतेक चिठ्ठ्या ऐंशी ते शंभर शब्दांवर येतात.

एक खरं उदाहरण सांगते, लेखिकेला विचारून सांगतेय आणि थोडे तपशील बदललेत. काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेचा 'सूप' नावाचा लेख आला. तिची आई सिन्नरला घरी बसून विड्या वळायची, मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, बाजूला दोरा. लेख अठराशे शब्दांचा आणि चिठ्ठी जवळजवळ चारशे. सुरुवात अशी: "आपल्या दर्जेदार व अभिरुचिसंपन्न अंकाची मी अनेक वर्षांची वाचक असून माझ्यासारख्या नवोदित लेखिकेचे हे वेडेवाकडे शब्द आपण गोड मानून घ्यावेत." पुढे दोन परिच्छेद आईचे कष्ट, मग "या लेखातून कष्टकरी स्त्रीची जिद्द वाचकांपर्यंत पोचेल असे वाटते", मग घरच्यांना आणि शाळेतल्या सहकाऱ्यांना लेख कसा आवडला ते, मग शेवटी "आई आता थकली आहे, पण तिचे ते सूप आजही माझ्याकडे आहे, त्यात मी मुलांच्या तपासायच्या वह्या ठेवते", आणि "लेखात योग्य ते बदल करण्याचे सर्व अधिकार आपल्याला आहेत, मार्गदर्शन करावे ही विनंती."

आता बघा काय झालं. सुपात वह्या ठेवणं हा त्या लेखाचा शेवट होता. फार सुंदर शेवट, काही न बोलता सगळं सांगणारा, पण मी तो आधीच चिठ्ठीत वाचला होता, त्यामुळे लेखात तिथे पोचले तेव्हा मला काहीच झालं नाही. लेखिकेने स्वतःच्या हाताने स्वतःचा शेवट खर्च करून टाकला होता, आणि तोही ज्या एका वाचकावर सगळं अवलंबून त्याच्यासमोर.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलटी. आईच्या कष्टांच्या त्या दोन परिच्छेदांत एक वाक्य होतं की आईला अक्षरओळख नव्हती पण पंचवीस विड्यांच्या बंडलात एक जरी कमी असली तरी ती हातात घेतल्याबरोबर सांगायची. हे लेखात कुठेही नव्हतं! लेखात त्या जागी "आई खूप हुशार होती" एवढंच होतं. म्हणजे जिवंत तपशील चिठ्ठीत आणि त्याचा सारांश लेखात, अगदी उलटी वाटणी. आणि असं मी बऱ्याचदा बघितलंय. माणूस लेख लिहिताना जरा सावरून बसतो, लेखकासारखं लिहायला जातो, आणि चिठ्ठीत कोणाशी तरी बोलत असतो म्हणून खरं ते तिथे सांडतं. तुमच्या पुसलेल्या मेल कुठे ड्राफ्टमध्ये पडल्या असतील तर त्या परत वाचा, त्यांत एखादं वाक्य असं निघेल जे लेखात जायला हवं होतं.

मी तिला फोन करून एवढंच सांगितलं की ते बंडलाचं लेखात घ्या, वह्यांचं चिठ्ठीतून काढा, आणि पुन्हा पाठवा. पुढच्या वर्षीच्या अंकात लेख आला. तिची दुसरी चिठ्ठी साधारण अशी होती:

विषय: अनुभवलेख – सूप – (लेखिकेचं पूर्ण नाव)

(संपादकांचं नाव) यांना,
सप्रेम नमस्कार.
'सूप' हा अनुभवलेख सोबत पाठवत आहे. सुमारे १,९०० शब्द. माझी आई सिन्नरला घरी विड्या वळत असे, त्या दिवसांविषयी आहे.
लेखातली माणसं आणि प्रसंग खरे आहेत. कारखान्यात विड्या तपासणाऱ्या गृहस्थांचं नाव बदललं आहे. आईला पूर्ण लेख वाचून दाखवला आहे, तिची हरकत नाही.
लेख यापूर्वी कुठेही, फेसबुक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा, दिलेला नाही आणि सध्या दुसरीकडे पाठवलेला नाही.
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. छापण्यासाठी पाठवलेला हा माझा पहिलाच लेख.
आपली,
(नाव, पत्ता, फोन)

बास. आता यातल्या दोन-तीन जागांवर थांबते, कारण नव्या लोकांचा गोंधळ तिथेच होतो.

लेख कशाबद्दल आहे ते एकाच वाक्यात, आणि तेही विषय सांगणारं. अर्थ सांगायचा नाही. "आई घरी विड्या वळत असे, त्या दिवसांविषयी" हा विषय झाला. "कष्टकरी स्त्रीची जिद्द" हा अर्थ झाला, तो माझा मला लागू द्या. तुम्ही आधीच अर्थ सांगितलात की मी लेखात तो सापडतोय का ते तपासत बसते आणि वाचायचं राहून जातं. मग विषय तरी कशाला सांगायचा असं वाटेल, तर त्याचं कारण व्यवहाराचं आहे, अंकात आधीच आईवरचे दोन लेख घेतलेले असतील तर मला तिसरा वेगळ्या नजरेने वाचावा लागतो, आणि अंकाचा काही विशेष विषय असेल तर हा त्यात बसतो का ते बघावं लागतं. "अनुभवलेख" हा शब्द मात्र नक्की लिहा. 'मी'ने सुरू होणारी कथाही असते आणि लेखही असतो, पहिल्या दोन पानांत ते ओळखू येईलच असं नाही, आणि मी कथा समजून वाचत गेले तर माझ्या अपेक्षा वेगळ्या असतात.

खऱ्या माणसांबद्दलच्या दोन ओळी बहुतेक कोणीच लिहीत नाही, पण अनुभवलेखासोबत मला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होतो. कथेला हे लागत नाही. स्वतःच्या आयुष्यावर लिहिलं की त्यात नवरा येतो, सासू येते, भाऊ येतो, ऑफिसातला साहेब येतो, आणि ती माणसं जिवंत असतात, अंक त्यांच्याही गावात जातो. एकदा आमच्याकडे वाटणीच्या भांडणावरचा एक फार चांगला लेख छापायला जायच्या दहा दिवस आधी मागे घ्यावा लागला, कारण लेखकाच्या चुलत भावाला कुठून तरी कळलं आणि त्याने वकिलाकडून पत्र पाठवलं. लेखकाने नावं खरी ठेवली होती आणि आम्हीही विचारलं नव्हतं, दोघांचीही चूक. तेव्हापासून मी विचारतेच. त्यापेक्षा तुम्हीच आधी सांगितलंत की कोणाचं नाव बदललंय, कोणाला लेख माहीत आहे आणि कोणाला नाही, तर मला कळतं की या बाईंनी याचा विचार केलाय. सगळ्यांची परवानगी घेतलीच पाहिजे असं नाही, माणूस हयात नसतो, संबंध तुटलेले असतात, कधी विचारणं शक्यच नसतं. तसं असेल तर तसंच लिहा, "काकांना लेखाची कल्पना नाही, नाव आणि गाव बदललं आहे." मग काय करायचं ते आपण मिळून ठरवू शकतो. आणि एखादा प्रसंग तुम्ही दोन प्रसंग जोडून केला असेल किंवा लहानपणचे संवाद आठवून रचले असतील तर संवादांचं सांगायची गरज नाही, ते वाचकाला माहीतच असतं, पण जोडलेला प्रसंग सांगा.

आधी प्रसिद्ध झाल्याचं. इथे लोक मुद्दाम लपवतात असं नाही, त्यांना ते प्रसिद्ध होणं वाटतच नाही. फेसबुकवर टाकलं, दोनशे लोकांनी वाचलं, मग कोणीतरी नाव काढून ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं. आमच्याकडे एका लेखाची पानं लागून झाली होती, आणि आमच्याच एका वाचकाने तो ओळखला, म्हणाला हे तर मला गेल्या वर्षी फॉरवर्ड आलंय. काढावा लागला, चार पानं ऐनवेळी रिकामी. लेखिकेला फार वाईट वाटलं, तिने फसवलं नव्हतं, मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तुमच्या लेखाचा एखादा तुकडा कुठे टाकला असेल तर "पहिले दोन परिच्छेद मार्चमध्ये फेसबुकवर टाकले होते, बाकी लेख नवा आहे" एवढं पुरतं. काही संपादकांना चालतं, काहींना नाही, पण निर्णय आधी झालेला बरा.

स्वतःबद्दल किती, तर एक वाक्य, फार तर दोन. काय करता, कुठे राहता. त्यातही लेखाशी संबंध असेल ते आधी घ्या. नर्सिंगच्या कामावरचा लेख असेल आणि तुम्ही पंधरा वर्षं नर्स असाल तर ते सांगायलाच हवं, लेख शेतावरचा असेल तर तुमची एमबीएची डिग्री नको. काही छापून आलेलं नसेल तर जसं त्या शिक्षिकेने लिहिलं तसं साधं लिहा किंवा लिहूच नका, दोन्ही चालतं. फक्त नवोदित, वेडेवाकडे शब्द, चूकभूल पदरात घ्यावी, हे नको. मला ते वाचून वाईट वाटतं, कारण लिहिणारीने कष्टाने लिहिलेलं असतं आणि पहिल्याच ओळीत ती स्वतःच ते खाली ठेवते. घरच्यांना आवडलं, सरांनी कौतुक केलं, हेही काढा, ते खरंच असतं पण मला त्याचं काही करता येत नाही.

"मार्गदर्शन करावे" हे वाक्य कुठून येतं ते मला माहीत आहे. 'सत्यकथा'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रव्यवहार करून एकेका लिखाणावर कसं काम करायचे त्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला असं एक पत्र यावंसं वाटतं, मलाही वाटायचं. पण 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं, आणि आज बहुतेक अंकांचं काम दोन-तीन माणसं आपली नोकरी सांभाळून करतात. लेख घ्यायच्या जवळ आलेला असेल तर संपादक आपणहून सुचवतो, न मागता. जवळ नसेल तर मागूनही मिळत नाही. तसंच "बदलाचे सर्व अधिकार" देऊन टाकू नका. किरकोळ दुरुस्ती होतेच, पण परिच्छेद काढायचा असेल, शेवट बदलायचा असेल, तर तुम्हाला विचारलं गेलं पाहिजे, आणि तो हक्क पहिल्याच मेलमध्ये सोडायचं काही कारण नाही.

मानधनाचं पहिल्या चिठ्ठीत नको. लेख स्वीकारल्याचं कळलं की जरूर विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

नाव. अंकात आतल्या पानावर संपादक, कार्यकारी संपादक, कधी अतिथी संपादक अशी नावं असतात, ताजा अंक बघून घ्या, कारण दिवाळी अंकांत माणसं बदलतात. मला अजूनही "महोदय" म्हणून मेल येतात. त्याने लेख नापास होत नाही, पण अंक हातात न घेताच पाठवलंय हे कळतं. नाव मिळालंच नाही तर "मा. संपादक" लिहा. सप्रेम नमस्कार चालतो, जुन्या वळणाचं स.न.वि.वि.ही चालतं, नुसता "हाय" मात्र पहिल्या ओळखीत नको.

फाइलचं थोडक्यात. वर्डची फाइल, युनिकोडमध्ये टाइप केलेली, आणि फाइलच्या आतही वर तुमचं नाव आणि फोन, कारण फाइल मेलपासून वेगळी होऊन दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाते. नुसती पीडीएफ नको, त्यातून मराठी मजकूर कॉपी केला की जोडाक्षरं आणि रफार तुटतात आणि कोणाला तरी सगळं परत टाइप करावं लागतं. कोणत्या तरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर त्या फॉन्टचं नाव चिठ्ठीत लिहा. हाताने लिहिलेलं अजूनही काही ठिकाणी घेतात, पण मग टपालाने पाठवा, कागदाच्या एका बाजूला लिहून, आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवून. पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, चौदा फोटोंचा क्रम आमच्याकडे पोचेपर्यंत बदललेला असतो.

कधी पाठवायचं ते मासिकावर आहे. नुसत्या मासिक अंकासाठी वर्षभर चालतं. दिवाळी अंकासाठी आपणहून पाठवत असाल तर जून संपायच्या आत पाठवा, आमच्याकडे जुलैअखेर बरंचसं ठरलेलं असतं, गणपतीपर्यंत पानं लागायला लागतात, आणि सप्टेंबरात आलेला चांगला लेखही मग पुढच्या वर्षासाठी ठेवावा लागतो किंवा सोडावा लागतो.

आणि पाठवल्यावर. एकेकाळी निदान "साभार परत"चा कागद यायचा, आता नकार बऱ्याचदा कळवलाच जात नाही, ते चुकीचं आहे असं माझं मत आहे, पण आहे खरं. दोन महिने थांबा, मग त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहा: "'सूप' हा लेख १० मे रोजी पाठवला होता. आपला विचार कळला तर बरं होईल, महिनाअखेरपर्यंत काही कळलं नाही तर मी तो दुसरीकडे पाठवेन." यात कोणाला राग यायचं कारण नाही, मला तर अशी मेल आली की बरं वाटतं, कारण कधीकधी लेख खरंच खाली गेलेला असतो आणि त्या दोन ओळींमुळे वर येतो. मग दुसरीकडे पाठवाल तेव्हा आधीची मेल फॉरवर्ड करू नका, नवी लिहा, आणि फाइलसुद्धा उघडून बघा, आमच्याकडे दरवर्षी एक-दोन लेख असे येतात ज्यांच्या वर दुसऱ्याच अंकाच्या संपादकांचं नाव असतं.